जादूला किंमत लावताना

फॅन्टसी लिहायला घेतलेल्यांची हस्तलिखितं वाचताना एक प्रकार वारंवार दिसतो. सुरुवातीच्या पानांत नायिकेला शक्ती मिळते. पुढे ती अडचणीत सापडते आणि वाचक मनातल्या मनात ओरडतो, ‘अगं, मग वापर की ती शक्ती!’ लेखकाला मात्र ती वापरू द्यायची नसते, कारण वापरली की गोष्ट तिथेच संपते. मग ऐन वेळी काहीतरी उकरून काढलं जातं. नेमकं आजच ग्रहण असतं, ताईत घरी राहिलेला असतो, नाहीतर शत्रूकडे उलटा मंत्र असतो. वाचक पुस्तक मिटत नाही, पण त्याचा विश्वास उडालेला असतो.

शक्ती मोठी असणं हा यातला दोष नाही. ती वापरल्यावर काय जातं आणि ती कुठे अडते, हे आधी ठरलेलं नसतं, हा दोष. ते ठरवायचं कसं, हे मी इथे एकच जादूव्यवस्था सुरुवातीपासून बांधत दाखवतो. गोष्ट मुंबईची आहे, पावसाळ्यातली.

आधी संकट, मग जादू

बहुतेक जण शक्तीपासून सुरुवात करतात: माझी नायिका आगीवर हुकूम चालवते, माझा नायक काळ थांबवतो. मी उलटीकडून सुरू करायला सांगेन. गोष्टीतला सर्वांत अवघड प्रसंग आधी एका वाक्यात लिहा आणि मग त्याच प्रसंगाला भिडणारी जादू शोधा.

आपला प्रसंग असा. जुलैतली दुपार, परळकडची सखल वस्ती, मुसळधार पाऊस आणि त्याच वेळी समुद्राला भरती. एका गल्लीत तळमजल्यावर एक बाई बाळंतपणात अडलेली आहे, तिला दवाखान्यात न्यायचं आहे आणि गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी आहे.

मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. शहरातलं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं. भरतीला समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर चढली की ते जाणं थांबतं, उलट समुद्राचं पाणी आत शिरू नये म्हणून काही ठिकाणी दारं लावून घ्यावी लागतात. तेवढ्यात वरून धो धो पाऊस असेल तर शहर भरतं. म्हणूनच साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. या व्यवस्थेत वेळ आहे, चढउतार आहे आणि कोणाच्या बापाला न जुमानणारा एक समुद्र आहे. जादू बांधायला यापेक्षा चांगला पाया कुठे मिळणार?

एक गोष्ट इथेच सांगतो. कथा २६ जुलै २००५ ला घडवू नका. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि माणसं गेली. त्यांच्या घरचे लोक वाचक असू शकतात. ‘त्या दिवशी आमच्या नायिकेने अमुक गल्ली वाचवली’ हे वाचताना त्यांना काय वाटेल, याचा विचार करा. तारीख नसलेला एखादा जुलै पुरतो.

आता शक्ती. ती एका वाक्यात आणि एकाच क्रियापदात बसली पाहिजे: नयना हाक मारून पाणी थोपवते. ‘थोपवते, वळवते, गोठवते आणि पाण्यातून भविष्य बघते’ असं झालं की समजायचं, लेखकाला अजून गोष्ट सापडलेली नाही.

तीन वेगळ्या गोष्टी

पुढे जाण्याआधी तीन शब्द वेगळे करून घेऊ, कारण हस्तलिखितांत त्यांची नेहमी खिचडी झालेली असते. मर्यादा म्हणजे जे करताच येत नाही. किंमत म्हणजे जे करता येतं, पण मोजावं लागतं. आणि कच्चा दुवा म्हणजे जे दुसऱ्याला कळलं तर तो तुमच्यावर उलटवू शकतो.

आपल्याकडे याचं सर्वांत नेटकं उदाहरण कर्णाची वासवी शक्ती. ब्राह्मणाच्या वेषात आलेल्या इंद्राला कवचकुंडलं दिली, तेव्हा ती मिळाली: ही किंमत. एकदाच वापरता येणार: ही मर्यादा. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली आहे हे कृष्णाला ठाऊक आहे: हा कच्चा दुवा. युद्धाच्या चौदाव्या दिवशी रात्रीही लढाई चालू राहते, घटोत्कच कौरवसेनेची दाणादाण उडवतो, सगळे कर्णाला म्हणतात, आता तरी सोड. तो सोडतो. घटोत्कच पडतो आणि अर्जुन वाचतो. कर्णाची शक्ती अजिबात फसलेली नाही, तिने सांगितलं तसंच काम केलं. तरीही कर्ण हरला. जादू यशस्वी होऊनही पात्र खोलात जातं, हे जमलं की ताण आपोआप येतो.

अश्वत्थाम्याचं अस्त्र याहून वेगळ्या जातीचं आहे. त्याला सोडता येतं, मागे घेता येत नाही. अर्जुनाला दोन्ही येतं. एकच शक्ती दोन माणसांच्या हातात दोन वेगळ्या मर्यादांसह दिली की त्या दोघांचा स्वभावही न सांगता कळतो. हे लक्षात ठेवा, नयनाच्या आजीसाठी आपल्याला ते लागणार आहे.

मर्यादा: एका नियमातून अनेक

नवखा लेखक मर्यादांची यादी करतो. फक्त रात्री, फक्त लोखंडाजवळ नाही, आठवड्यातून तीनदा, निळे कपडे घातले तरच. अशी यादी वाचकाला पाठ होत नाही आणि लेखकालाही पुढच्या प्रकरणात आठवत नाही. त्यापेक्षा एकच नियम असा घ्या की बाकीच्या अडचणी त्याच्या पोटातूनच निघाव्यात.

नयनाचा नियम असा. ती पाण्यात पाय रोवून उभी राहते आणि हाक मारते. जिथवर हाक ऐकू जाते तिथवरचं पाणी मागे हटतं. हटलेलं पाणी नाहीसं होत नाही. ते लागून असलेल्या सर्वांत सखल जागी जातं, आणि ती जागा नयनाला निवडता येत नाही.

बघा यातून काय काय निघतं. समुद्राला ओहोटी असेल आणि नाले मोकळे असतील तर सर्वांत सखल जागा समुद्रच असतो. पाणी निमूट तिकडे जातं, कोणाचं नुकसान होत नाही. भरती असेल तर समुद्र वर असतो. मग सखल जागा म्हणजे शेजारची गल्ली. म्हणजे ज्या वेळी नयनाची गरज सर्वांत जास्त, नेमकी त्याच वेळी तिची शक्ती कोणाच्या तरी घरात पाणी घालते. यासाठी वेगळा नियम लिहावा लागला नाही.

शिवाय हाकेचा टप्पा. शांत रात्री तिची हाक शंभर मीटर जात असेल, तर पत्र्यांवर ताशा वाजवणाऱ्या पावसात ती चाळीस मीटरही जाणार नाही. पुन्हा तेच: गरज वाढली की शक्ती आखडते.

आणि वेळ. भरतीला घड्याळ असतं, ही लेखकासाठी पर्वणी आहे. किनाऱ्यावरचे लोक तिथीवरून भरती काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी साधारण दीडला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी. आपला प्रसंग पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला ठेवू. उधाण अजून ओसरलेलं नाही आणि वाचकाला, नयनाला, आजीला, सगळ्यांना सकाळपासून ठाऊक आहे की दीडला काय होणार. येणारी वेळ आधी कळलेली असणं हा अचानक आलेल्या संकटापेक्षा फार मोठा ताण असतो.

किंमत कोणाच्या खिशातून

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त गोष्टी इथेच ढिल्या पडतात.

सध्या दोन किमती फार लोकप्रिय आहेत. एक, आयुष्याची वर्षं कमी होणं. दुसरी, आठवणी जाणं. दोन्ही ऐकायला भारी आणि पानावर मात्र स्वस्त. नायिकेची दहा वर्षं गेली म्हणे, पण ती गेली सत्तरीनंतरची. कथेत ती बावीस वर्षांची आहे आणि कथा एका पावसाळ्यात संपते. तिने मोजलेलं काही वाचकाला दिसतच नाही. आठवणीचं तर आणखी अवघड. जी गेली ती तिलाही आठवत नाही, त्यामुळे तिला दुःखही होत नाही. दोन्ही किमती चालू शकतात, पण मग ते नुकसान सोसणारं दुसरं पात्र समोर उभं करावं लागतं.

किमतीला मी तीन प्रश्न विचारतो. ती त्याच प्रसंगात, त्याच पानावर दिसते का? ती पात्राच्या पुढच्या कृतीच्या आड येते का? आणि पात्राला जे हवं आहे, त्यालाच ती हात घालते का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर बाकी दोन थोडे कमी पडले तरी चालतं.

नयनाची शरीराची किंमत: तहान. जितकं पाणी हटवलं, त्या हिशेबात. थोडं हटवलं तर घसा कोरडा पडतो. एक गल्ली पंधरा मिनिटं धरली तर जीभ टाळ्याला चिकटते, अर्ध्या तासाने पोटऱ्यांत गोळे येतात, त्यापुढे शुद्ध हरपते. आणि पुढची पूर्ण भरती येईपर्यंत पाणी पोटात ठरत नाही, प्यायलं की उलटून पडतं. गुडघाभर पाण्यात उभी राहून तहानेने तडफडणारी मुलगी, हे दिसतं. शिवाय घसा कोरडा पडला की हाक बसते, हाक बसली की टप्पा कमी होतो. किंमत शक्तीलाच कुरतडते, त्यामुळे ‘अजून जरा जोर लाव’ हा मार्ग आपोआप बंद.

दुसरी किंमत शेजारच्या गल्लीची आणि ती जास्त जड आहे. नयनाला काय हवंय? ती चाळीत वाढली, आईवडील नाहीत, मोठ्या भावाने शिलाईकाम करून तिला शिकवलं. तिला त्याच्या उपकारातून उतराई व्हायचंय. भावाचा कारखाना, म्हणजे एक खोली आणि कर्जावर घेतलेल्या चार मशिनी, मागच्या गल्लीत तळमजल्यावर आहे. मागची गल्ली पुढच्या गल्लीपेक्षा सखल आहे. आता शक्ती वापरली की पाणी कुठे जाईल हे तुम्हाला कळलं असेल.

वहीतले आकडे

हे आकडे वाचकाला सांगायचे नाहीत, पण तुमच्या वहीत हवेत. नाहीतर पाचव्या प्रकरणात नायिका एक गल्ली कशीबशी धरते आणि पंधराव्यात आख्खा भायखळा.

पुढची गल्ली सहा मीटर रुंद, पाणी अर्धा मीटर खोल, पावसात हाकेचा टप्पा चाळीस मीटर. गुणाकार केला तर १२० घनमीटर, म्हणजे एक लाख वीस हजार लिटर. सोसायटीत येणारे दहा हजार लिटरचे बारा टँकर. मागची गल्ली तीन मीटर रुंद, चाळीस मीटर लांब, एका टोकाला जुन्या गिरणीची भिंत आणि दुसऱ्या टोकाला तिचं तोंड पुढच्या गल्लीला लागलेलं. क्षेत्रफळ १२० चौरस मीटर. तिथे पाणी बरोबर एक मीटर चढणार. आधीच दीड-दोन फूट होतं, आता गळ्यापर्यंत. मोठा माणूस कसाबसा उभा राहील, सहा वर्षांचं पोर नाही.

एका साध्या गुणाकाराने प्रसंगाचा कणा मिळाला. हा हिशेब न करता लिहिलं असतं, तर ‘मागच्या गल्लीत पाणी वाढलं’ एवढं मोघम वाक्य पडलं असतं. आता कुठल्या पायरीपर्यंत, कोणाच्या छातीपर्यंत, पोटमाळा पाण्याच्या वर राहतो की नाही, सगळं ठाऊक आहे.

पळवाटा शोधणारा मित्र

यानंतर व्यवस्था अशा माणसाच्या हाती द्यायची जो तुमची कथा पाडायला टपलेला आहे. प्रत्येक कट्ट्यावर असा एक असतोच. त्याला सांगायचं, ‘मग तिने सरळ अमुक का नाही केलं?’ असे प्रश्न काढ. प्रश्न आले की नवा नियम लिहायचा मोह आवरा. आधी बघा, आहे त्या नियमात उत्तर बसतं का.

‘माणसाच्या अंगातही पाणी असतं. खलनायकाचं रक्तच का नाही हटवत?’ पाण्यावर हुकूम चालवणाऱ्या कुठल्याही पात्राला हा प्रश्न येणारच. आपल्याकडे उत्तर आहे: पाय रोवलेले असतील तेच पाणी.

‘नाल्याच्या तोंडाशी जाऊन समुद्रालाच का नाही थोपवत?’ कारण तहान हटवलेल्या पाण्याच्या हिशेबात लागते आणि समुद्राला अंत नाही. हाक पुरी व्हायच्या आत ती कोसळेल.

‘परळजवळच्या हिंदमाताच्या चौकात उभं राहून आख्खा परिसर का नाही मोकळा करत?’ तो भाग बशीसारखा खोलगट आहे, आजूबाजूचं पाणी तिथेच येतं. भरतीच्या वेळी तिथलं पाणी हटायला त्याहून सखल जागाच लागून नाही. हाक वाया जाईल, तहान मात्र लागेल.

मग खरा मुंबईकर प्रश्न येतो: ‘गणपतीच्या मंडळाचा भोंगा आणा की! हाक चारशे मीटर जाईल.’ हा प्रश्न मला फार आवडतो. ‘यंत्रातून जादू चालत नाही’ असं म्हणून तो बंद करता येईल, पण मी बंद करणार नाही. भोंगा चालतो. टप्पा दहापट होतो, हटणारं पाणी दहापट होतं आणि तहानही दहापट. दीड मिनिटात तिचा आवाज बसतो, हाक तुटते आणि थोपलेलं सगळं पाणी एकदम परत येतं. पळवाट बुजवण्यापेक्षा तिच्यातून पात्राला जाऊ द्यावं आणि पलीकडे काय आहे ते बघू द्यावं. कथेच्या मध्यावर मंडळाच्या उत्साही पोरांनी हा उद्योग करून ठेवला, असा एक प्रसंग यातून फुकट मिळाला. शेवटी भोंगा का वापरत नाहीत, हेही आता कोणी विचारणार नाही.

आणखी एक प्रश्न कोणी विचारला नाही तर तुम्हीच विचारा: अशी माणसं खरंच असती, तर शहराने त्यांचं काय केलं असतं? मुंबई आहे ही. टॉवरच्या सोसायटीने अशा बाईला पावसाळ्यापुरता पगार देऊन तळघरातल्या गाड्या सुक्या ठेवल्या असत्या आणि पाणी मागच्या चाळीत गेलं असतं. नयनाच्या आजीने तरुणपणी हेच काम केलं आहे. वरळी कोळीवाड्यातली ही म्हातारी आता नुसती कुजबुजते, कारण अनेक पावसाळ्यांच्या तहानेने तिचा आवाज कायमचा गेला आहे. तिला सगळं ठाऊक आहे, पण हाक मारता येत नाही. नयनाला हाक मारता येते, पण कुठलं पाणी कुठे जातं हे ठाऊक नाही. मघाशी म्हटलं होतं ते इथे लागलं: शक्ती एकच, मर्यादा दोन.

वाचकाला नियम कधी कळावेत

ब्रँडन सँडरसन या अमेरिकन लेखकाने २००७ साली एका निबंधात एक सूत्र मांडलं, त्याचा आशय असा: जादूने संकट सोडवण्याची लेखकाची ऐपत वाचकाला ती जादू किती कळली आहे यावर ठरते. माझ्या मते त्याला एक पुरवणी जोडावी. जादूने संकट वाढवायचं असेल तर वाचकाला काही कळलेलं नसलं तरी चालतं. अज्ञात जादू भीती घालते. तिने फक्त सुटका करू नये.

तेव्हा शेवटच्या प्रसंगात लागणारा प्रत्येक नियम आधी किमान एकदा घडताना दिसायला हवा, आणि शक्यतो क्षुल्लक निमित्ताने. नयना लहानपणी मोरीतलं तुंबलेलं पाणी गंमत म्हणून हटवते आणि ते शेजारणीच्या पिठाच्या डब्यात जातं. शेजारीण चाळ डोक्यावर घेते, वाचक हसतो. ‘पाणी सखल जागी जातं’ हा नियम त्याच्या डोक्यात बसला आणि लेखकाला समजावून सांगावं लागलं नाही. भोंग्याच्या प्रसंगात तहानेचा हिशेब बसतो. तिथीची पाऊणपट आजी बाजाराला निघताना बोटांवर मोजते, सहज. एका प्रसंगात एकच नियम, आणि त्या प्रसंगाला स्वतःचं काहीतरी काम हवं. नुसता शिकवणीसाठी घातलेला प्रसंग वाचकाला लगेच कळतो. ‘बाळ, आपल्या घराण्याच्या शक्तीचे तीन नियम आहेत’ असं आजीच्या तोंडी आलं की ते पान फाडा.

ऐन प्रसंग

आता हे सगळं एकत्र आणू. पाऊण वाजलाय. दीडला पूर्ण भरती. नाले मोकळे व्हायला निदान साडेतीन. अडलेल्या बाईला इतका वेळ नाही.

नवखा लेखक इथे दोनच पर्याय ठेवतो: बाई की भाऊ. हा पेच खरा आहे, पण त्यातून निवड करून प्रसंग संपवला तर नयनाने काहीच केलं नाही, फक्त निवडलं. मला तिसरी वाट हवी आहे, आणि ती नव्या शक्तीतून येऊन चालणार नाही. ती आहे त्या नियमांच्या आत शोधायची. पाणी मागच्या गल्लीत जाणार हे टळत नाही. माणसं तिथे नसतील, एवढं करता येतं.

म्हणून ती आधी काही थोपवतच नाही. पाऊण ते दीड हा पाऊण तास ती आणि चाळीतली पोरं मागच्या गल्लीतली तळमजल्याची बिऱ्हाडं वर चढवतात. ज्या बायका तिला ओळखतात त्या निघतात, ज्या ओळखत नाहीत त्या भांडतात. भाऊ तीन मशिनी सोडून चौथीची मोटर सोडवत बसलेला असतो. दीडला पाणी सर्वांत वर आहे, आणि तेव्हा ती हाक मारते. बाईला फळीवर घालून चाळीस मीटरवरच्या मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायला सहा-सात मिनिटं लागतात. हिशेबात बसतं, जेमतेम.

लिहिताना तो तुकडा साधारण असा व्हावा:

> तिसऱ्या हाकेला पाणी मागे सरलं आणि गल्लीची फरशी उघडी पडली. चौघांनी फळी खांद्यावर घेतली. नयनाच्या ओठांवर मीठ आलं होतं.
>
> “तोडू नको,” आजी तिच्या कानाशी कुजबुजली. “श्वास घे, पण तोडू नको.”
>
> मागून लाकूड फुटल्याचा आवाज आला. कारखान्याचं दार. तिने मान वळवली नाही. फळी अजून नळाच्या कोपऱ्यापर्यंतच पोचली होती, आणि तिची हाक आता तिला स्वतःलाच दुरून आल्यासारखी ऐकू येत होती.
>
> “दादा वर आहे का?” तिला विचारायचं होतं. विचारलं असतं तर हाक तुटली असती.

यात कुठेही नियम सांगितलेला नाही. मीठ, श्वास, बसत चाललेला आवाज, दार फुटणं, सगळं आधी पेरलेलं आहे. शेवटच्या ओळीत किंमत तिला जे हवंय त्यालाच भिडते. भावाची खुशाली विचारायला जो आवाज लागतो, तोच खर्च होतोय.

बाई पोचते. भाऊ पोटमाळ्यावर सापडतो, जिवंत. मशिनी चारही गेल्या, कर्ज तसंच आहे, आणि मागच्या गल्लीतल्या ज्या माणसांचे फ्रिज, गाद्या, शाळेची दप्तरं गेली, ती नयनाला देवी मानणार नाहीत. रात्री दोनच्या भरतीपर्यंत तिला घोटभर पाणी पोटात ठेवता येणार नाही. जादूने एक संकट सोडवलं आणि पुढच्या तीन प्रकरणांची सोय करून ठेवली.

व्यवस्था बिघडल्याची लक्षणं

पहिला खर्डा झाला की जादू वापरलेले सगळे प्रसंग एका कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: काय मिळालं, काय गेलं, आणि गेलेलं पुढे कुठल्या पानावर जाणवतं. तिसरा रकाना सलग दोनतीनदा रिकामा राहिला तर किंमत नावापुरती उरली आहे. नयना तहानेने कोसळते आणि पुढच्या प्रकरणात ताजीतवानी चहा पिताना दिसते, असं अनवधानाने होतंच. लिहिताना दोन प्रकरणांमध्ये लेखकाचे पंधरा दिवस गेलेले असतात, पात्राचे तीन तास.

दुसरं लक्षण जास्त लबाड आहे. संकट मोठं वाटावं म्हणून लेखक शक्ती थोडी वाढवतो, मग ती पेलावी म्हणून संकट आणखी मोठं करतो. पहिल्या भागात गल्ली, दुसऱ्यात शहर, तिसऱ्यात अरबी समुद्र. यावर साधा उपाय आहे. शक्ती तेवढीच ठेवा आणि पात्राची समज वाढवा. दुसऱ्या भागातली नयना पूर्वीइतकंच पाणी हटवते, पण आता तिला परळ-लालबागच्या गल्ल्यांचे उतार पाठ आहेत. कुठल्या कोपऱ्यावर उभं राहिलं की पाणी घरांत न जाता एखाद्या बंद गिरणीच्या आवारात उतरेल, हे ती चालत फिरून शोधते. आजीचं ज्ञान तिच्याकडे आलंय. आणि तेवढ्यात त्याच आवारात टॉवरचा पाया भरायला घेतात, जमीन चार फूट उंच होते आणि तिचे सगळे उतार फिरतात.